ग्लासातला शिंतोडा आणि भरलेली डिस्क: फ्लुइड सिम्युलेशनचं रेझोल्यूशन आणि कॅश आधी कसं मोजायचं

कोकम सरबताच्या एका जाहिरातीसाठी मी ब्लेंडरमध्ये एक शॉट करत होतो. ग्लासात बर्फाचा खडा पडतो आणि सरबत उसळून कडेबाहेर येतं, एवढाच शॉट. चाचणी छान झाली होती. रात्री अकराला मी Resolution Divisions च्या खान्यात ४८० टाकलं, Bake Data दाबलं आणि झोपलो. डिस्कवर ५० जीबी जागा रिकामी होती, आणि एका ग्लासाला याहून जास्त काय लागणार, असं मला वाटलं होतं.

सकाळी फ्रेम १९०च्या आसपासपर्यंत सरबत होतं आणि पुढे ग्लास रिकामा. कॅशच्या फोल्डरमध्ये त्यापुढच्या फाइली एक तर नव्हत्याच, नाहीतर काही केबीच्या होत्या. डिस्क काठोकाठ भरलेली. रात्र तर गेलीच, शिवाय नंतर लक्षात आलं की ४८०ची गरजच नव्हती. पुढे तोच शॉट, सगळ्या टेकसकट, त्याच ५० जीबीत बसला. त्यासाठी जो हिशोब केला तो इथे देतो. उदाहरण ब्लेंडरच्या मँटाफ्लोचं आहे, म्हणजे आवृत्ती २.८२पासून ब्लेंडरमध्ये असलेल्या द्रव-सिम्युलेशनचं. पण कण आणि जाळी एकत्र वापरणाऱ्या कुठल्याही सॉल्व्हरला हीच पद्धत लागू पडते.

## ती संख्या नेमकी कशाची?

Resolution Divisions म्हणजे डोमेनच्या सगळ्यात लांब बाजूचे किती तुकडे करायचे, ती संख्या. सगळ्या बाजूंची नाही, फक्त लांब बाजूची. एका तुकड्याची लांबी म्हणजे एका घनाकार खान्याची बाजू, आणि बाकीच्या दोन बाजूंना त्याच मापाचे खाने बसवले जातात. त्यामुळे "मी २४०वर बेक केलं" या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. डोमेन २४ सेंटीमीटर उंच असेल तर २४०वर खाना १ मिलिमीटरचा होतो. डोमेन अडीच मीटरचं असेल तर त्याच २४०वर खाना एक सेंटीमीटरहून मोठा होतो, आणि त्यात थेंब कसले, गोळेच दिसतील.

म्हणून मी आता आधी खान्याचं माप ठरवतो आणि त्यावरून संख्या काढतो. माप ठरतं ते शॉटमध्ये दिसायला हव्या असलेल्या सगळ्यात लहान गोष्टीवरून. दिग्दर्शकाला ३ मिलिमीटरचे थेंब सुटे दिसायला हवे होते. एखादा थेंब गोल वाटावा आणि उडताना टिकावा, यासाठी त्याच्या व्यासात निदान तीन खाने बसावेत असा माझा अनुभव आहे. एकाच खान्याएवढा थेंब लुकलुकतो. एका फ्रेमला असतो, पुढच्या फ्रेमला नसतो. तर ३ मिलिमीटर भागिले ३, म्हणजे खाना १ मिलिमीटरचा.

हा आकडा पडद्यावर तपासून बघायचा. आमच्या फ्रेमची उंची १०८० पिक्सेल होती आणि तेवढ्यात साधारण १८ सेंटीमीटरचं दृश्य मावत होतं. म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे ६ पिक्सेल. मेशचा Upres Factor २ ठेवला तर द्रवाचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर बनतो, म्हणजे ३ पिक्सेल. एवढं या शॉटला पुरेसं होतं. ४८० घेतलं असतं तर उसळीची मुकुटासारखी पातळ कडा आणखी थोडी टिकली असती, हे खरं आहे. पण कॅमेरा जवळ नेणार नसाल तर त्या थोड्यासाठी किती मोजावं लागतं, ते पुढे येईलच.

## आधी डोमेन कापा

माझा ग्लास ११ सेंटीमीटर उंच होता आणि उसळी कडेच्या वर वीतभरापेक्षा कमी, १२ सेंटीमीटरपर्यंत हवी होती. वर थोडी मोकळी जागा धरून उंची २४ सेंटीमीटर झाली. रुंदी आणि खोली मी सुरुवातीला "असू दे" म्हणून २० सेंटीमीटर ठेवली होती. १ मिलिमीटरच्या खान्याने २४० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे ९६ लाख खाने. नंतर कॅमेऱ्यातून पाहिलं तर बाजूचे थेंब ८ सेंटीमीटरच्या पुढे फ्रेममध्ये येतच नव्हते. रुंदी आणि खोली १६वर आणली आणि खाने ६१ लाखांवर आले. चित्रात काहीही न गमावता एक तृतीयांशाहून जास्त ओझं उतरलं.

इथे दोन गोष्टी सांभाळा. लांब बाजू कापलीत तर संख्याही त्याच प्रमाणात कमी करा. उंची २४वरून २० केली तर २४०च्या जागी २०० लिहायचं, नाहीतर खाना नकळत लहान होईल आणि जे वाचवलं ते परत जाईल. दुसरं म्हणजे डोमेनच्या भिंती द्रवाला अडवतात. अरुंद डोमेनमध्ये थेंब हवेतच अदृश्य काचेवर आपटून खाली ओघळायला लागले, तर Border Collisions मध्ये त्या बाजूंची खूण काढा. मग थेंब भिंतीशी पोचला की सिम्युलेशनमधून बाहेर जातो. तळाची खूण मात्र राहू द्या.

आणि हो, डोमेन खऱ्या मापाचं असू द्या. ग्लास दहापट मोठा मॉडेल केला असेल तर सरबत टाकीतल्या पाण्यासारखं संथ हलतं, आणि रेझोल्यूशन वाढवून ते सुधारत नाही. हे मी कितीतरी जणांना रात्र रात्र करताना पाहिलं आहे.

## काच किती जाड?

बारीक चाचणीत ग्लास गळतो, आणि माणूस घाबरून रेझोल्यूशन वाढवतो. कारण साधं आहे. माझ्या ग्लासाची काच २ मिलिमीटरची होती. चाचणी मी ६०वर करत होतो, म्हणजे खाना ४ मिलिमीटरचा. अर्ध्या खान्याएवढी काच सॉल्व्हरला नीट दिसतच नाही, आणि सरबत तिच्यातून बाहेर झिरपतं.

उपाय असा की धडकीसाठी वेगळा, रेंडरमध्ये न दिसणारा ग्लास करायचा. त्याची आतली बाजू हुबेहूब तीच, पण जाडी बाहेरच्या अंगाला वाढवलेली. मी ती ८ मिलिमीटर केली, म्हणजे ६०वरसुद्धा दोन खाने मिळतात. एवढ्या जाड ग्लासात एक खोट आहे: कडेवरून बाहेर ओघळलेले थेंब दिसणाऱ्या काचेपासून ६ मिलिमीटर दूर, हवेत सरकताना दिसतात. म्हणून शेवटच्या बेकला जाडी ३ मिलिमीटरवर आणली. तिथे खाना १ मिलिमीटरचा असल्यामुळे तेवढी चालते.

## स्लो मोशनने हिशोब कसा फिरतो

हवेत १२ सेंटीमीटर उडणारा थेंब निघताना साधारण दीड मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, आणि वर जाऊन परत यायला त्याला एक तृतीयांश सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. २५ फ्रेमच्या गतीने ही सगळी उसळी आठेक फ्रेममध्ये संपते. जाहिरातीत ती दहापट संथ हवी होती. म्हणून डोमेनचा Time Scale ०.१ केला आणि शॉट २५० फ्रेमचा झाला. पडद्यावर दहा सेकंद, प्रत्यक्षात एक सेकंद.

डिस्कसाठी ही वाईट बातमी आहे, कारण फ्रेम दहापट झाल्या आणि प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल लिहिली जाते. पण गणनेच्या दृष्टीने बातमी चांगली आहे. दीड मीटर वेगाचा थेंब २५ फ्रेमच्या गतीत एका फ्रेममध्ये ६ सेंटीमीटर जातो, म्हणजे आपले ६० खाने ओलांडतो. फ्रेमचे चार टप्पे केले तरी एका उडीत १५ खाने होतात, आणि तीन खान्यांची काच मध्ये आली तर ती ओलांडून जाण्याची भीती असते. दहापट संथ गतीत तोच थेंब फ्रेमला ६ खाने जातो, मग टप्पे कमी पुरतात. म्हणजे स्लो मोशनमध्ये प्रत्येक फ्रेम लवकर होते, फक्त फ्रेम जास्त असतात.

एक सापळा इथे हमखास लागतो. Time Scale फक्त द्रवाला संथ करतो. बर्फाच्या खड्याला तुम्ही हाताने कीफ्रेम दिल्या असतील तर तो जुन्याच वेगाने पडतो, आणि संथ सरबताच्या हिशोबाने तो गोळीसारखा येऊन आदळतो. उसळी छतापर्यंत जाते. तेव्हा खड्याच्या कीफ्रेमही दहापट लांब कराव्या लागतात.

## डिस्क: अंदाज नको, दोन छोटे बेक करा

आता मुख्य भाग. बरेच जण सांगतात की रेझोल्यूशन दुप्पट केलं की फाइल आठपट होते. खान्यांची संख्या आठपट होते, हे बरोबर. पण फाइलमध्ये सगळे खाने सारख्या वजनाने लिहिले जात नाहीत. ओपनव्हीडीबी हा प्रकार रिकाम्या जागेवर फार खर्च करत नाही. फाइलचा मोठा भाग कणांचा असतो, आणि मँटाफ्लो कण मुख्यतः पृष्ठभागाजवळच्या पट्ट्यात ठेवतं. या पट्ट्याची जाडी खान्यांत मोजली जाते. पृष्ठभाग म्हणजे क्षेत्रफळ, आणि ते दुप्पट रेझोल्यूशनला चौपटीने वाढतं. त्यामुळे खरी वाढ चौपट आणि आठपट यांच्या मधे कुठेतरी येते. कुठे, ते तुमच्या शॉटवर अवलंबून असतं. शांत भरलेल्या पिंपात ती चौपटीकडे झुकेल, सगळीकडे उडालेल्या शिंतोड्यांत वेगळी असेल.

म्हणून मी त्याच सेटिंगवर दोन बेक करतो, एक ६०वर आणि एक १२०वर, आणि एकाच क्षणाची फाइल दोन्हीकडे तोलतो. कुठला क्षण, हे महत्त्वाचं आहे. पहिल्या फ्रेमची फाइल तोलू नका, तिथे सरबत शांत असतं. उसळी सगळ्यात जास्त पसरलेली असते ती फ्रेम घ्या. आणि शॉटमध्ये वरून धार ओतली जात असेल तर द्रव वाढतच जातो. तिथे शेवटच्या फ्रेमचं वजन घ्या आणि एकूण बेरजेसाठी त्याच्या अर्ध्याने फ्रेमसंख्येला गुणा, कारण सुरुवातीच्या फाइली हलक्या असतात. माझ्या ग्लासात सरबत आधीपासूनच भरलेलं होतं, त्यामुळे मी सगळ्या फ्रेम जड फ्रेमएवढ्याच धरल्या.

चाचणीत आणि शेवटच्या बेकमध्ये तीन गोष्टी सारख्याच ठेवा: Is Resumable, ओपनव्हीडीबीची अचूकता आणि त्याचं कॉम्प्रेशन. यातली एक जरी बदलली तरी वजन बदलतं आणि मोजमाप फुकट जातं. मेश वेगळा बेक करायचा म्हणून मी Modular प्रकार घेतो आणि Is Resumable चालू ठेवतो. त्याने डिस्कवर जास्तीचा डेटा लिहिला जातो, पण चाचणीतही तो चालू असल्यामुळे तो आपोआप मोजला जातो.

माझ्याकडे data फोल्डरमधली जड फ्रेम ६०वर ०.९ एमबी आणि १२०वर ६ एमबी निघाली. पुढचं काम या पाच ओळी करतात:

```python
import math
a, b = 0.9, 6.0
p = math.log(b / a, 2)
f = b * (240 / 120) ** p
print(round(p, 2), round(f), round(f * 250 / 1024, 1))
```

उत्तर येतं `2.74 40 9.8`. म्हणजे दर दुपटीला वजन पावणेसातपट होत होतं, २४०वर एक फ्रेम ४० एमबीची येणार होती आणि २५० फ्रेमना ९.८ जीबी लागणार होते. २४०च्या जागी ४८० टाकून बघा: फ्रेमला २६७ एमबी आणि एकूण ६५ जीबी. रिकामी जागा ५० जीबी. ५० जीबीला २६७ एमबीने भागलं की साधारण १९२ येतात, आणि माझा ग्लास रिकामा झाला तो १९०च्या आसपास. हा भागाकार मी झोपण्यापूर्वी करू शकलो असतो.

हा आकडा दगडावरची रेघ नाही. रेझोल्यूशन वाढलं की उसळीत नवे बारीक थेंब फुटतात, जे चाचणीत नव्हतेच, आणि त्यांचं वजन वर जातं. म्हणून मी निघालेल्या आकड्यात चौथाई भर घालतो. शक्य असेल तर शेवटच्या रेझोल्यूशनवर उसळीपर्यंतच्याच फ्रेम बेक करून एक फाइल प्रत्यक्ष तोलतो. लिनक्स किंवा मॅकवर एक ओळ पुरते:

```
du -sh cache_glass_r240_v03/*
```

यात data, mesh, particles यांची वजनं वेगवेगळी दिसतात. विंडोजवर फोल्डरचं Properties उघडलं की झालं.

वेळेचा हिशोब डिस्कपेक्षा कडक आहे. खाने आठपट होतात आणि खाना लहान झाल्यामुळे तोच थेंब जास्त खाने ओलांडतो, म्हणून टप्पेही वाढतात. दुपटीला वेळ सोळापटीकडे जाऊ शकतो. १२०वर एक तास लागला असेल तर २४०ला रात्र धरा.

## टेक मोजायला विसरू नका

एका बेकला १० जीबी, मग ५० जीबीची काळजी कशाला, असं वाटेल. पण एकाच बेकमध्ये काम संपत नाही. कारण असं की ६०वरची उसळी आणि २४०वरची उसळी यांचा आकारच वेगळा येतो. जाड जाळीत गती विरून जाते, बारीक जाळीत कडा उंच उठते आणि उशिरा फुटते. म्हणून ६०वरचा शिंतोडा क्लायंटला दाखवून मंजुरी घेऊ नका. मी एकदा घेतली होती, आणि नंतर "पहिलाच छान होता" हे ऐकावं लागलं. निवड १२०वर करायची, आणि तिथेही सांगून ठेवायचं की शेवटी कडा थोडी वर जाईल.

तर माझी बेरीज अशी झाली. १२०वरचा एक टेक दीड जीबीचा, असे चार म्हणजे ६ जीबी. २४०वर डेटा १० जीबी आणि मेश १ जीबी, असे दोन टेक म्हणजे २२ जीबी. दोन्ही मिळून २८, त्यावर चौथाई म्हणजे ३५ जीबी. रेंडरच्या ईएक्सआर फाइली १०८०मध्ये, अर्ध्या अचूकतेच्या चार चॅनलच्या, न दाबता फ्रेमला १६ ते १७ एमबीच्या येतात. २५० फ्रेमना ४ जीबी. एकूण ४० जीबीच्या आत. फेस आणि तुषारांचे वेगळे कण हवे असते तर particles फोल्डरही असाच तोलून मिळवला असता. या शॉटमध्ये ते नव्हते.

प्रत्येक टेकला वेगळं कॅश फोल्डर द्या, आणि नावातच रेझोल्यूशन लिहा, उदाहरणार्थ `//cache_glass_r240_v03`. ब्लेंड फाइल नव्या नावाने सेव्ह केली तरी कॅशचा पत्ता जुनाच राहतो. मग नव्या फाइलमध्ये Free Data दाबलं की जुन्या, मंजूर झालेल्या टेकचा डेटा पुसला जातो. वर कुठेही दोन फाइली दिसत असल्या तरी खाली कॅश एकच असते, हे डोक्यात ठेवा.

टेक पक्का झाला की रेंडरला फक्त मेश लागतो. data चं काम मेश बनवण्यापुरतंच असतं. त्यामुळे मंजुरीनंतर मेश अलेम्बिकमध्ये काढून ठेवायचा, data फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून उसळीच्या चार-पाच फ्रेम रेंडर करून बघायच्या, आणि सगळं ठीक असेल तरच ते १० जीबी पुसायचे. पुसल्यानंतर पृष्ठभाग गुळगुळीत करणं, कणाची त्रिज्या बदलणं यातलं काही करता येत नाही, परत सगळा बेक करावा लागतो. म्हणून मी data शेवटचं बिल निघेपर्यंत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि मशीनवरची जागा मोकळी करतो.

आणि खरंच ४८०ची गरज पडली तर? समजा कॅमेरा कडेपाशी नेलाय आणि एक एक थेंब पडदाभर दिसतोय. तेव्हा डोमेन जास्तीत जास्त कापा, बर्फ आदळायच्या जेमतेम आधीपासून बेक सुरू करा आणि फ्रेम कमी करा. ८० फ्रेमचा क्लोजअप ४८०वर २१ जीबीत येतो. दहा सेकंदांचा सलग शॉट मात्र मी २४०वरच करीन.